मदत हवी आहे : पगार रजिस्टर आणि बँक फाइलची बेरीज जुळत नाही, उद्या 7 तारीख

रबाळे_अकाउंट्स
रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात पगाराचं काम माझ्याकडे आहे. रजिस्टरमध्ये नेट पे ची बेरीज 38,46,215 येते आणि बँकेत अपलोड करायच्या फाइलची 38,27,903. फरक 18,312. रजिस्टर तपासलं आहे, ग्रॉस 45,12,480 वजा कपात 6,66,265 बरोबर नेट येतो. 18,312 नेट असलेला एकही माणूस नाही. चेकर साहेब फरक दाखवल्याशिवाय फाइल ॲप्रूव्ह करणार नाहीत आणि ते सहाला निघतात. कुठे बघू, लवकर सांगा.

मोहन_कोपरी
राउंडिंग आहे, दुसरं काही नाही. एक्सेलमध्ये दशांश लपवले की आकडा पूर्ण दिसतो, पण आत पैसे तसेच राहतात. आमच्याकडे दर महिन्याला हेच व्हायचं. नेट पे च्या कॉलमला ROUND लावा, जुळेल.

वागळेकर
मोहनदादा, पैसे लपलेले असतील हे खरं, पण 18 हजार नाही. एका ओळीत राउंडिंगने जास्तीत जास्त पन्नास पैशांचा फरक पडतो. दोनशे ओळी असल्या आणि सगळा फरक एकाच बाजूला गेला तरी शंभरच्या आसपास थांबेल.
रबाळे, ग्रॉस वजा कपात बरोबर नेट आला म्हणजे रजिस्टर स्वतःशी जुळलं एवढंच. गडबड रजिस्टर आणि फाइल यांच्या मधे आहे. दोन्हीकडे माणसं किती ते आधी सांगा. रक्कम नंतर बघू.

तळोजा_तात्या
आमच्याकडे गेल्या दिवाळीत असंच झालं. फाइल गेली, खात्यातून पूर्ण रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या दिवशी तीन जणांचे पैसे परत आले, एकाचं खातं बंद होतं आणि दोघांचे आयएफएससी चुकीचे होते. बँक स्टेटमेंटमध्ये परत आलेल्या नोंदी शोधा.

रबाळे_अकाउंट्स
तात्या, फाइल अजून गेलीच नाही. रिटर्न कुठून येणार?
वागळेकर, रजिस्टरमध्ये 212, फाइलमध्ये 210. एक जण होल्डवर आहे, राजीनामा दिलाय, फुल अँड फायनल बाकी. तो फाइलमध्ये नसणारच, म्हणून लिहिलं नव्हतं. त्याचा नेट 21,450.

वागळेकर
हेच पहिल्यांदा सांगायला हवं होतं. 38,46,215 मधून 21,450 वजा करा.

रबाळे_अकाउंट्स
केलं होतं. 38,24,765 येतं. मग बँक फाइलच 3,138 ने जास्त होते, फरक उलट्या बाजूला जातो. म्हणून वाटलं होल्डचा संबंध नाही.

घणसोली_अश्विनी
खाते क्रमांकावर VLOOKUP लावा ना. फाइलमध्ये खाते क्रमांक असतोच. दोन मिनिटांत कळेल कोण नाही ते.

वागळेकर
अश्विनीताई, खाते क्रमांकावर नको. एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरतं. सोळा अंकी खातं आकडा म्हणून उघडलं की शेवटचा अंक शून्य होतो. मजकूर म्हणून ठेवलं तरी SUMIF, COUNTIF त्याला आकडाच समजतात, मग पहिले पंधरा अंक सारखे असलेली दोन खाती एकच धरली जातात. शिवाय काहींच्या खात्याच्या सुरुवातीचं शून्य उडालेलं असतं. कर्मचारी कोडवर जुळवा. रबाळे, फाइलमध्ये कोड आहे का?

रबाळे_अकाउंट्स
आहे, रिमार्कच्या कॉलममध्ये.

वागळेकर
मग दोन्ही एका वर्कबुकमध्ये घ्या. बँकेच्या शीटला Bank नाव द्या, तिथे A मध्ये कोड आणि C मध्ये रक्कम. रजिस्टरमध्ये कोड A ला, नेट पे N ला असेल तर शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये हे टाकून खालपर्यंत ओढा:

```
=ROUND(N2-SUMIF(Bank!A:A,A2,Bank!C:C),2)
```

VLOOKUP ऐवजी SUMIF यासाठी की एकाच माणसाची ओळ फाइलमध्ये दोनदा आली असेल तर VLOOKUP पहिलीच उचलतं आणि दुसरी दिसतच नाही. SUMIF दोन्हींची बेरीज धरतं, त्यामुळे फरक उघडा पडतो.
आणि एक लक्षात घ्या. दोन ओळी कमी आहेत आणि तुम्ही होल्ड एकच सांगताय. होल्ड काढल्यावर फाइल जास्त झाली, म्हणजे रजिस्टरच्या बेरजेतून कुणीतरी पैसे कमी करतोय. माझा अंदाज, कुणाचा तरी नेट उणे गेला आहे.

मोहन_कोपरी
नेट उणे कसा जाईल? सॉफ्टवेअर जाऊच देत नाही.

वागळेकर
काही देतात, काही नाही. कपात ग्रॉसपेक्षा जास्त झाली की थांबवायचं, ही सेटिंग बंद असू शकते.

घणसोली_अश्विनी
जरा वेगळा प्रश्न. आमच्या पार्लरमधल्या मुलींचा पगार 22 हजार आहे, त्यांचा प्रोफेशनल टॅक्स कापायचा का?

वागळेकर
महाराष्ट्रात महिलांना 25,000 पर्यंत माफ आहे, एप्रिल 2023 पासून. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा ताई, इथे याची घाई आहे.

रबाळे_अकाउंट्स
मिळालं!! दोनच ओळी मोठ्या आल्या, 21,450 आणि -3,140. बाकीच्यांत पैसे आहेत, त्यांची एकत्र बेरीज 1.60.
-3,140 वाला रात्रपाळीचा माणूस, महिनाभर आजारी होता. ग्रॉस 2,310 आणि कपात 5,450. त्यात ॲडव्हान्सचा हप्ताच 5,000, बाकी 450 पीएफ, ईएसआय, कँटीनचे. बँक फाइल बनवताना सॉफ्टवेअर शून्याखालच्या ओळी आपोआप वगळतं. छापील रजिस्टरमध्ये उण्याची खूण इतकी बारीक आहे की नजर सरकून जाते.

वागळेकर
21,450 वजा 3,140 अधिक 1.60, म्हणजे 18,311.60. रजिस्टरची खरी बेरीज 38,46,214.60 आहे, तुम्हाला ती 38,46,215 दिसत होती. चेकरसाठी या तीन ओळी कागदावर लिहा, पुरेशा आहेत.
पण तसंच सोडू नका. पगार उणे राहिला तर तो माणूस कंपनीला देणं लागतो असं रजिस्टर म्हणतंय, आणि ते देणं पुढच्या महिन्यात कुठेच दिसणार नाही. हप्ता 5,000 ऐवजी 1,860 करा, म्हणजे नेट शून्य होईल आणि 3,140 ॲडव्हान्सच्या शिलकीत राहतील. फाइलची रक्कम बदलत नाही. होल्डचे 21,450 सॅलरी पेएबलमध्ये उभे राहतील, पण त्याचा पीएफ 15 तारखेच्या आत भरायचाच.

मोहन_कोपरी
नेट शून्य करणंही चूक. कपात निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये, कायदा आहे. 2,310 चे निम्मे 1,155 त्याच्या हातात पडलेच पाहिजेत. आजारी माणसाला शून्य पगार देणार?

वागळेकर
मोहनदादा, हा मुद्दा तुमचा बरोबर. मग हप्ता 705 च घ्यायचा, फाइल 211 ओळींची होईल आणि बेरीज 38,29,058.

तळोजा_तात्या
रजिस्टर लॉक झालं असेल तर आता हात लावू नका. 1,155 वेगळे द्या, हप्ता पुढच्या महिन्यात फिरवा.

वागळेकर
तात्या, वेगळे दिले की पुढच्या महिन्यात पुन्हा हाच फरक शोधायला बसावं लागेल.

रबाळे_अकाउंट्स
लॉक अजून नाही. पण हप्ता कमी करायला एचआरची सही लागते आणि मॅडम बेलापूरला मीटिंगमध्ये आहेत, फोन उचलत नाहीत. जुळवणीचा कागद चेकर साहेबांना दिलाय, ते वाचतायत. मॅडम आल्या नाहीत तर 210 ओळींचीच फाइल पाठवून त्या एकाचे 1,155 उद्या वेगळ्या एनईएफटीने द्यावेत असं ते म्हणतायत. रजिस्टर नंतर दुरुस्त केलं तर चालेल का, हे कुणी नक्की सांगेल का?