मदत हवी आहे: एकाच फोटोवरून नऊवारीतल्या आजीचं टर्नअराउंड शीट

पेन्सिलवाली

नमस्कार मंडळी. एका छोट्या फिल्मसाठी भाजी विकणाऱ्या आजीचं पात्र करतेय. मॉडेल ब्लेंडरमध्ये होणार आहे आणि ते दुसरा मुलगा करणार. माझ्याकडे फक्त डिझाइन. त्याला समोरून, बाजूने आणि मागून अशी तीन चित्रं असलेलं शीट हवंय.

अडचण अशी की संदर्भाला फोटो एकच आहे. आजी घराच्या दारात उभ्या आहेत, उजवी बाजू कॅमेऱ्याकडे, म्हणजे पाऊणमुखी. फोटो त्यांच्या उंच नातवाने मोबाइल खाली झुकवून काढलाय. पदर डाव्या खांद्यावरून मागे जाऊन कमरेला उजवीकडे खोचलाय. पुन्हा फोटो काढता येणार नाही, पण घर शेजारच्याच गल्लीत आहे.

शीट दोनदा परत आलं. तो म्हणतो समोरच्या चित्रातली हनुवटी आणि बाजूच्या चित्रातली हनुवटी एका रेषेत नाहीत, आणि समोरून पाय फारच तोकडे वाटतात. मागची बाजू तर मी बरीचशी अंदाजाने काढली आहे. कुठून दुरुस्त करू?

तिरपागडा

सोपं आहे हो. क्रितामध्ये आरशाचं टूल चालू करा, अर्धं शरीर काढा, उरलेलं अर्धं आपोआप येतं. मागची बाजू म्हणजे समोरच्याच चित्राची कॉपी, चेहरा पुसायचा आणि केस भरायचे. बाजूसाठी समोरच्या रुंदीच्या निम्मी रुंदी धरायची. मी मॅस्कॉट असेच करतो, कोणी तक्रार केलेली नाही.

उषाकाकू

अगं, नऊवारी मागून कशी दिसते हेच विचारत्येस ना? शिवलेली साडी बघून काढू नकोस. त्यात काष्टा नुसता शिवून टाकलेला असतो, पट्टी लावल्यासारखा. खरी नेसलेली वेगळी दिसते. निऱ्या पुढे खोचल्यावर खालचा घोळ दोन पायांमधून मागे घेतात, त्याच्या चुण्या करून मागे कमरेला मधोमध खोचतात. त्यामुळे मागून काठ कमरेपासून सरळ खाली उतरतो आणि तिथून कापड दोन्ही पोटऱ्यांकडे फाकतं. कमरेपाशी, जिथे खोचलंय तिथे, कापड जाड होऊन जरासं उचललेलं दिसतं. काम करणाऱ्या बाईची साडी वर ओढलेली असते, घोट्याच्या वर पोटरी दिसते. गॅदरिंगसाठी हवी असेल तर मी नेसवून देईन, कधी आहे कार्यक्रम?

पेन्सिलवाली

काकू, कार्यक्रम नाहीये, चित्र काढायचंय. पण तुम्ही सांगितलंत ते माझ्या मागच्या चित्रात अजिबात नाही. मी तिथे साधा घोळ दाखवलाय. धन्यवाद!

जुना_पेगबार

आधी एक तपासणी करा. तुमच्या समोरच्या चित्रात कानाचा वरचा भाग भुवयांच्या कितपत वर आहे? सरळ समोरून पाहिलं तर कान साधारण भुवई आणि नाकाचा तळ यांच्या मध्ये बसतो. वरून पाहिलं की कान चेहऱ्याच्या तुलनेत वर चढतो आणि हनुवटी आत सरकते.

पेन्सिलवाली

भुवयांच्या बऱ्यापैकी वर आहे. आता दिसलं.

जुना_पेगबार

मग रोग सापडला. समोरचं चित्र फोटोतून उतरवलंय, म्हणजे त्यात नातवाचा झुकवलेला कॅमेरा अजून आहे. बाजूचं चित्र मात्र तुम्ही मनाने, सरळ उभ्या बाईचं काढलंय. दोन वेगळे कॅमेरे, म्हणून हनुवटी जुळत नाही. पायही त्याच कारणाने तोकडे. चित्रकला सुधारून हे जाणार नाही, आधी फोटोतून कॅमेरा काढावा लागेल.

तुमच्या फोटोत दार आहे हे नशीब. दाराच्या दोन उभ्या बाजू फोटोत खाली जाताना जवळ येताहेत का बघा. येत असतील तर झुकाव तेवढा आहे. पर्स्पेक्टिव्ह ट्रान्सफॉर्मने त्या समांतर करा. एवढ्यावर थांबू नका, कारण समांतर झाल्या तरी उंची दबलेली राहू शकते. शेजारच्या गल्लीत जा आणि टेपने दार मोजा. समजा खरं दार ६ फूट उंच आणि अडीच फूट रुंद निघालं, म्हणजे प्रमाण २.४. दुरुस्त केलेल्या फोटोत तेच प्रमाण २.१ येत असेल तर फोटो उभा १.१४ पट ताणा. आता आजींचं डोकं आणि पाय यांचं आपसातलं प्रमाण विश्वासार्ह झालं.

हे दार कॅमेऱ्यासमोर सपाट असेल तरच चालतं, तिरपं असेल तर आधी ती तिरकस बाजूही सरळ करावी लागेल. आणि दारावरून आजींची उंची फूट-इंचात वाचू नका. त्या दाराच्या पुढे उभ्या आहेत, त्यामुळे दाराच्या तुलनेत मोठ्या दिसतात. प्रमाण मिळतं, माप मिळत नाही.

तिरपागडा

एवढं सगळं एका भाजीवाल्या आजीसाठी? कार्टून आहे ना, डोकं तसंही मोठंच करणार.

जुना_पेगबार

मोठं करा की. पण आधी खरं प्रमाण कळलं की मग जे फुगवाल ते ठरवून फुगवाल, आणि तिन्ही चित्रांत सारखं फुगवाल.

तुमच्या आधीच्या सल्ल्यातलं अर्धं मला पटतं. शरीरासाठी आरसा चालतो, नुसत्या शरीराचा सांगाडा तसाच काढा. कपडे आले की टूल बंद, नाहीतर पदर दोन्ही खांद्यांवर येईल. मागच्या बाजूला कॉपी घेण्याची कल्पनाही बरोबर, फक्त ती आडवी उलटवायला हवी. पर्स्पेक्टिव्ह नसलेल्या चित्रात मागची बाह्यरेषा ही समोरच्या बाह्यरेषेचं तंतोतंत प्रतिबिंब असते. कमरेला एका बाजूला फुगवटा असेल तर तो मागून दुसऱ्या बाजूला त्याच उंचीवर दिसतो. समोरून पदर आपल्या उजव्या हाताकडच्या खांद्यावर दिसतो, मागून डाव्या हाताकडच्या. पाठीवर तो तिथून तिरका खाली उजवीकडे, खोचलेल्या जागेपर्यंत. न उलटवता कॉपी केली तर पदर उजव्या खांद्यावर जातो, आणि मॉडेल करणाऱ्याला कळतच नाही की कोणतं चित्र खरं.

बाह्यरेषा फुकट मिळाली तरी आतल्या रेषा मिळत नाहीत. तिथे उषाकाकू.

निम्म्या रुंदीचं मात्र विसरा. डोकं बाजूने रुंदीपेक्षा जास्त खोल असतं. उंची २१ सेंटीमीटर धरली तर कपाळापासून मागच्या टोकापर्यंत १८ ते १९, आणि समोरची रुंदी १५ च्या आसपास. नवशिक्यांची बाजू बहुतेकदा इथेच चपटी होते, मागची कवटी कापल्यासारखी. वर अंबाडा चिकटवला की चूक झाकली जाते, म्हणून आणखी उशिरा कळते.

पेन्सिलवाली

बाजूला नाक किती पुढे काढायचं हे फोटोतून कळू शकतं का? का तेही अंदाजानेच?

जुना_पेगबार

मधल्या रेषेवरच्या गोष्टींचं कळतं. नाकाचं टोक, कुंकू, हनुवटी, गळ्याची खळी. डोक्याच्या मधून एक उभा अक्ष कल्पा. डोकं ४५ अंश वळलेलं असेल तर मधल्या रेषेवरचा बिंदू त्या अक्षापासून जेवढा आडवा सरकलेला दिसतो, त्याला ०.७ ने भागा. तेवढा तो खरोखर पुढे आहे. समजा तुमच्या मापात नाकाचं टोक अक्षापासून साडेआठ सेंटीमीटर दिसलं, तर बाजूच्या चित्रात ते १२ वर येईल.

अंबाड्याला हे लावू नका. गोल वस्तूची कड मधल्या रेषेवर नसते, जिथून गोलाई वळते तिथे असते, आणि कोन बदलला की कडही सरकते. आणखी एक गफलत म्हणजे फोटोत माणूस कॅमेऱ्याकडे बघतो. धड ४५ अंशांत आणि डोकं ३० अंशांत, हे अगदी नेहमीचं. डोकं आणि धड यांचे कोन वेगवेगळे ठरवा.

फोटो जवळून काढला असेल तर नाक मुळातच मोठं आलेलं असतं. ६० सेंटीमीटरवरून कान नाकापेक्षा १२ सेंटीमीटर मागे असेल तर तो सुमारे १७ टक्के लहान दिसतो. तीन मीटरवरून हा फरक ४ टक्क्यांवर येतो. पूर्ण उभा फोटो आहे म्हणजे बहुधा लांबूनच काढला असेल, तेव्हा यावर डोकं शिणवू नका.

खडूफळा

मी कटआउट अॅनिमेशन करतो, शाळांसाठीचे व्हिडिओ. माझा अनुभव असा की मागची बाजू लागतच नाही. पात्र पाठ करून कधी जातं? मी समोर, पाऊण आणि बाजू एवढंच करतो, पाऊणवर सगळ्यात जास्त वेळ घालवतो. तुमच्याकडे तर पाऊण आधीच फोटोत आहे. मागचं चित्र सोडून द्या.

जुना_पेगबार

टूडीत खरं आहे. थ्रीडीत मॉडेलला पाठ असतेच, सीनमध्ये दिसो न दिसो. पण एक बरं आठवण केलीत. पाऊण चित्र शीटवर जरूर द्या, त्यावरून मोजायला नाही, तर गालाची आणि पदराची घडी कशी वळते ते समजायला.

बाजू एकच देऊ नका. पदरामुळे डावी आणि उजवी बाजू वेगळ्या आहेत. ब्लेंडरमध्ये `Numpad 1` ने समोरून दिसतं, `Ctrl` + `Numpad 1` ने मागून. पात्र नेहमीप्रमाणे समोर तोंड करून ठेवलं असेल तर `Numpad 3` वर त्याची डावी बाजू दिसते, तोंड पडद्यावर डावीकडे. तिथे उजव्या बाजूचं चित्र लावलं तर सगळं उलटं बसेल. प्रत्येक चित्राखाली ‘आजीची डावी’, ‘आजीची उजवी’ असं लिहा. नुसतं ‘डावी’ लिहिलं की भांडण ठरलेलं.

आणि शीट पाठवण्याआधी स्वतःच चित्रं तिथे लावून, नाकाच्या टोकावर आणि कोपरावर एकेक छोटा गोळा ठेवून बघा. गोळा समोरून बरोबर आणि बाजूने हवेत तरंगत असेल, तर मॉडेलरच्या आधी तुम्हालाच कळेल.

पेन्सिलवाली

दार मोजून आले. ७२ इंच उंच, २९ रुंद. फोटो सरळ केल्यावर प्रमाण २.२ येत होतं, म्हणून १.१३ पट ताणला. पाय लगेच वाढले. कानही खाली आणले आणि हनुवटी आता एका रेषेवर आहे. काष्ट्याची बाजू काकूंनी सांगितली तशी काढली.

आता वेगळाच वाद. आजींना पोक आहे. मॉडेल करणारा म्हणतो शीटवर पाठ सरळ दे, हात अंगापासून थोडे लांब ठेव, पोक नंतर हाडांनी आणू. मला ते पटत नाही, सरळ केल्यावर त्या आजी राहतच नाहीत.

खडूफळा

पोक ठेवा. ओळख तीच आहे.

जुना_पेगबार

मी अर्धा तुमच्या बाजूने, अर्धा त्याच्या. पाठीचा कायमचा बाक मॉडेलमध्येच असावा, कारण हाडं वाकवून आणलेल्या पोकात पोटाकडचं कापड चुरगळतं आणि काठाची रेषा मोडते. पण मान पुढे येणं आणि खांदे पडणं हे पोजवर सोडता येईल. बाक किती ठेवायचा हे मी इथून सांगू शकत नाही. त्या टोपली उचलताना सरळ होतात का? होत असतील तर तो म्हणतो तेच बरोबर ठरेल.

पेन्सिलवाली

टोपली डोक्यावर घेतात तेव्हा बऱ्यापैकी सरळ होतात. पहिलाच सीन तो आहे. त्याला विचारून कळवते.

उषाकाकू

टोपली डोक्यावर असेल तर पदर आधी डोक्यावरून घे, मग चुंबळ, मग टोपली. पदर खांद्यावर ठेवून टोपली काढशील तर बायका हसतील.

पेन्सिलवाली

म्हणजे पदराचं दुसरं शीट. बरं.