आपापसांतली बदली आणि ड्युटीचा मेसेज

«परीक्षेच्या पर्यवेक्षणाच्या ड्युटीची बदली आपापसांत ठरवून ग्रुपवर टाकली की झालं ना? मेसेजमध्ये एवढे नियम कशाला?»

नाही होत. आमच्या सोलापुरातल्या केंद्रावर मागे हेच घडलं. अक्कलकोटहून येणाऱ्या एका सरांनी घरच्या लग्नासाठी सहकाऱ्याशी दिवस बदलला, ग्रुपवर अंगठेही आले. पण सहकारी विज्ञानाचे, आणि त्या दिवशी पेपर विज्ञानाचाच! ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला वर्गावर ठेवत नाहीत. सकाळी सही करताना ते लक्षात आलं आणि राखीव पर्यवेक्षक तिथेच खर्ची पडला. नंतर एका मॅडमना चक्कर आली, तेव्हा ब्लॉक सांभाळायला शिपायाला हाका मारायची वेळ.

तेव्हापासून मी मेसेज असा लिहितो: 'पेपर ११ वाजता. विद्यार्थी १०.३० ला आत, म्हणून पर्यवेक्षकांनी १० वाजता केंद्रावर सही करावी. १०.१० पर्यंत न आल्यास राखीव पर्यवेक्षक नेमला जाईल. ब्लॉक सकाळी चिठ्ठीने मिळेल. बदली हवी असल्यास आदल्या दिवशी दुपारी ४ पर्यंत लेखी अर्ज, त्यावर बदली शिक्षकाचा विषय व सही. केंद्रसंचालकांच्या होकाराशिवाय बदली धरू नये.'

ब्लॉक क्रमांक मात्र आधी मेसेजमध्ये टाकू नका. एका ब्लॉकमध्ये साधारण पंचवीस मुलं, आणि कोणत्या ब्लॉकवर कोण हे रात्रीच कळलं की ओळखीच्यांचे फोन सुरू होतात.