मदत हवी आहे: रिले वाजला की ईएसपी-३२ मध्येच रीसेट होतो

मनीषनगर_कूलर

नमस्कार. घरच्या कूलरसाठी मी ईएसपी-३२ बोर्डावर एक नियंत्रक बनवला आहे. खोलीचे तापमान ठरावीक अंशांच्या वर गेले की आधी पाण्याचा पंप सुरू व्हावा आणि खसच्या ताट्या भिजल्यावर, म्हणजे पाच मिनिटांनी, पंखा सुरू व्हावा, एवढेच त्याचे काम आहे. पंपासाठी एक आणि पंख्यासाठी एक असे पाच व्होल्टचे दोन सुटे रिले बर्डीवरून आणले असून प्रत्येक रिले बीसी ५४७ ट्रान्झिस्टरने चालवला आहे. पिन आणि बेस यांच्यामध्ये एक किलोओहमचा रोधक आहे. रिलेच्या कॉइलला लागणारे पाच व्होल्ट मी बोर्डाच्या व्हीआयएन पिनवरूनच घेतले आहेत. सगळ्याला वीज मिळते ती मोबाइलच्या चार्जरमधून, आणि कूलर खिडकीबाहेर असल्यामुळे यूएसबी केबल तीन मीटर लांबीची आहे.

अडचण अशी की रिले वाजला की कधीकधी बोर्ड रीसेट होतो. त्याला ठरावीक नियम दिसत नाही. दहा वेळा नीट चालते आणि अकराव्या वेळी बंद पडते. काही वेळा तर रिले सुरू होतो, बोर्ड रीसेट होतो, रिले सुटतो, बोर्ड पुन्हा उठून रिले सुरू करतो आणि हे चक्र मिनिटभर टक-टक करत चालू राहते. नवतपा तोंडावर आला आहे आणि घरात वयस्कर आई आहे, त्यामुळे कूलर रात्री आपोआप बंद पडलेला मला चालणार नाही. प्रोग्रॅम दोनदा नव्याने लिहून पाहिला, फरक पडला नाही.

सोल्डरधूर

प्रोग्रॅममध्ये शोधू नका, दोष तिथे नाही. तुमच्या वर्णनात कॉइलवर डायोड कुठेच दिसत नाही. सुटे रिले काढून ऑप्टोकपलर असलेला तयार रिले मॉड्यूल घ्या. त्यावर डायोडही असतो आणि ऑप्टोमुळे बोर्ड पूर्ण वेगळा राहतो. मी तसेच केले आणि प्रश्न मिटला.

संत्राबाग_काटोल

माझ्याकडेही हाच त्रास आहे. बागेतल्या ठिबकच्या मोटरला स्टार्टर आहे आणि त्याचा कॉन्टॅक्टर ओढला की शेजारचा टायमर बोर्ड शून्यावर येतो. वरचे वाचून वाटते की कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर एक १एन ४००७ डायोड लावून टाकावा. उद्या बागेत जाणारच आहे.

मंगला_सर्किट

काटोलच्या दादांना आधी सांगते, कारण त्यांचे काम उद्याचे आहे: कृपया डायोड लावू नका. तुमच्या कॉन्टॅक्टरची कॉइल बहुतेक एसीवर चालणारी असणार. एसीमध्ये दिशा प्रत्येक अर्ध्या आवर्तनात बदलते, त्यामुळे एका अर्ध्यात तो डायोड सरळ शॉर्ट करेल आणि एक तर एमसीबी पडेल किंवा डायोड तुमच्या तोंडासमोर फुटेल. तिथे रोधक आणि कपॅसिटर यांची जोडी लागते, आणि कपॅसिटर किती व्होल्टचा घ्यायचा हे कॉइल २३० ची आहे की ४१५ ची यावर ठरते. मेन स्विच बंद करून कॉइलवर काय छापले आहे ते पाहा आणि इथे लिहा.

आता मूळ प्रश्न. मी हिंगणा एमआयडीसीत बरीच वर्षे कंट्रोल पॅनेल दुरुस्त केली आहेत आणि माझा अनुभव असा की "रिले वाजला की रीसेट" या एकाच तक्रारीच्या आत दोन-तीन वेगळे आजार एकत्र नांदत असतात. रिले ओढताना होणारा रीसेट हा बहुधा वीज कमी पडल्यामुळे होतो, आणि रिले सोडताना होणारा रीसेट हा कॉइलने फेकलेल्या झटक्यामुळे. तिसरा आजार रिलेच्या संपर्कांवर, म्हणजे २३० व्होल्टच्या बाजूला उडणाऱ्या ठिणगीचा. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, म्हणून काहीही विकत आणण्यापूर्वी तुम्हाला कोणता आजार आहे ते पाहू.

पंप आणि पंखा यांचे प्लग काढून ठेवा, म्हणजे रिले नुसता वाजेल, त्यावर भार नसेल. मग रीसेटचे कारण बोर्डालाच विचारा. खालचा भाग `setup()` मध्ये सगळ्यात आधी, रिलेला हात लावण्यापूर्वी घाला. बऱ्याच बोर्डांवरचा निळा दिवा पिन २ वर असतो. कारणाचा क्रमांक जितका, तितक्या वेळा तो लुकलुकेल.

```cpp
pinMode(2, OUTPUT);
int n = (int) esp_reset_reason();
for (int i = 0; i < n; i++) {
  digitalWrite(2, HIGH); delay(300);
  digitalWrite(2, LOW);  delay(300);
}
```

नऊ वेळा लुकलुकला तर त्याचा अर्थ ब्राउनआउट, म्हणजे वीज खाली गेल्याचे चिपने स्वतः ओळखले. चार म्हणजे प्रोग्रॅम मध्येच कोसळला, पाच ते सात म्हणजे वॉचडॉगने उठवले. वीस वेळा रिले ओढा, वीस वेळा सोडा आणि दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा. बोर्ड लॅपटॉपला जोडू नका, कारण मग वीजपुरवठाच बदलेल आणि आजार लपेल.

मनीषनगर_कूलर

ताई, सांगितल्याप्रमाणे केले. प्लग काढलेले असतानाही रीसेट होतात. वीस वेळा ओढण्यात सात रीसेट झाले आणि सातही वेळा दिवा नऊदा लुकलुकला. वीस वेळा सोडण्यात तीनच रीसेट झाले. त्यात दोनदा चार लुकलुकी आल्या आणि एकदा बोर्ड नुसता गोठला. मल्टिमीटरने पाहिले तर चार्जरच्या टोकाला ५.०५ व्होल्ट आहेत, पण दोन्ही रिले चालू असताना व्हीआयएनवर ४.४ च्या आसपास दिसतात. एवढा फरक का पडतो?

मंगला_सर्किट

तुमच्या नोंदीने दोन्ही आजार आहेत हे स्पष्ट केले.

आधी ओढण्याचा विचार करू. पाच व्होल्टच्या त्या छोट्या रिलेच्या कॉइलचा रोध साधारण ७० ओहम असतो, म्हणजे एक रिले सुमारे ७१ मिलिअँपिअर घेतो आणि दोन मिळून १४२. स्वस्त यूएसबी केबलमधल्या बारीक तारा जाण्यायेण्याच्या मिळून सहा मीटर होतात आणि त्यांचा रोध कनेक्टर धरून दीड ओहमपर्यंत सहज जातो. वायफाय पाठवण्याच्या क्षणी ईएसपी-३२ चा प्रवाह ३०० मिलिअँपिअर किंवा त्याहूनही वर उसळतो. त्यात रिलेचे १४२ मिळवा आणि दीडने गुणा: सुमारे ०.६६ व्होल्ट केबलमध्येच गेले. बोर्डावर यूएसबीच्या वाटेत बहुधा एक शॉटकी डायोड असतो, तो आणखी ०.३ व्होल्ट खातो. उरले ४.१. बोर्डावरच्या ३.३ व्होल्टच्या रेग्युलेटरला स्वतःसाठी सुमारे १.१ व्होल्टचा फरक लागतो, म्हणजे चिपपर्यंत जेमतेम तीन व्होल्ट पोहोचतात, आणि या मॉड्यूलला किमान तीन व्होल्ट हवेत. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, क्षणिक दरी त्याला दिसत नाही. वायफायची उसळी आणि रिलेचे ओढणे एकाच क्षणी जुळले की बोर्ड पडतो, नाही जुळले की तगतो. तुम्हाला नियम सापडत नव्हता तो यामुळे. टक-टकचे चक्रही इथूनच येते: बोर्ड पडला की रिले सुटतो, भार कमी होऊन वीज सावरते, बोर्ड उठतो आणि पुन्हा तोच भार अंगावर घेतो.

आता सोडण्याचा. कॉइलमधला ७१ मिलिअँपिअरचा प्रवाह एका क्षणात थांबू शकत नाही. ट्रान्झिस्टरने वाट बंद केली की कॉइल व्होल्टेज चढवत नेते, ते बीसी ५४७ च्या ४५ व्होल्टच्या मर्यादेपलीकडेही जाते आणि तो झटका शेजारच्या तारांमध्ये आणि ग्राउंडमध्ये उमटतो. कॉइलवर उलटा डायोड बसवला की त्या प्रवाहाला फिरायला वाट मिळते आणि कलेक्टर सहा व्होल्टच्या आतच राहतो. १एन ४००७ पुरेसा आहे. त्याची पट्टी पाच व्होल्टच्या बाजूला यायला हवी, आणि तो ट्रान्झिस्टरजवळ नव्हे तर रिलेच्या पायांवरच सोल्डर करा, म्हणजे झटका लांब तारेतून फिरणार नाही.

सोल्डरधूर यांचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. तयार मॉड्यूलवर डायोड असतो, पण जेडी-व्हीसीसीचा जंपर तसाच ठेवला तर कॉइलची वीज बोर्डाच्याच पाच व्होल्टवरून जाते आणि ओढतानाचा आजार जसाच्या तसा राहतो.

सोल्डरधूर

हे मला माहीत नव्हते. माझा जंपर अजून लावलेलाच आहे. माझी केबल अर्ध्या मीटरची आहे, कदाचित म्हणून त्रास झाला नसेल.

मनीषनगर_कूलर

दोन्ही डायोड लावले. सोडताना आता वीसपैकी एकही रीसेट नाही. पण पंख्याचा रिले आता वाजतच नाही, त्याला ओढायला सांगितले की बोर्ड दरवेळी पडतो आणि त्याचा ट्रान्झिस्टर बोट टेकवता येणार नाही इतका तापतो.

मंगला_सर्किट

लगेच वीज काढा. त्या रिलेवरचा डायोड उलट बसला आहे. ट्रान्झिस्टर सुरू झाला की पाच व्होल्टचा प्रवाह कॉइल टाळून थेट डायोडमधून जमिनीकडे धावतो. डायोड फिरवा आणि ट्रान्झिस्टरही बदला. एवढा तापल्यावर तो चालताना दिसला तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

त्यानंतर रिलेसाठी पाच व्होल्ट, दोन अँपिअरचा वेगळा अडॅप्टर घ्या. जाड आणि आखूड केबलनेही कदाचित भागेल, पण आईची झोप ज्यावर अवलंबून आहे ते काम मी काठावर ठेवणार नाही. नव्या अडॅप्टरचे धन टोक फक्त कॉइलला द्या, ते व्हीआयएनला जोडू नका. ऋण टोक मात्र बोर्डाच्या ग्राउंडशी जोडावेच लागेल, नाहीतर बेसच्या प्रवाहाला परतीची वाट नसल्यामुळे रिले ओढणारच नाही. ही जोडणी दोन ट्रान्झिस्टरच्या एमिटरपाशी एकाच ठिकाणी करा. कॉइलचा प्रवाह तिथूनच आपल्या अडॅप्टरकडे परत जाईल आणि बोर्डाच्या बारीक ग्राउंडमधून जाणार नाही.

मनीषनगर_कूलर

डायोड फिरवला, ट्रान्झिस्टर बदलला, वेगळा अडॅप्टर लावला. प्लग काढलेल्या अवस्थेत चाळीसपैकी एकही रीसेट नाही. व्हीआयएन आता ४.६ च्या खाली जात नाही. ताई, तुमचे मनापासून आभार. चार रात्री कूलर नीट चालला.

एक गोष्ट मात्र उरली आहे. पंप जोडलेला असताना चार दिवसांत दोनदा बोर्ड रीसेट झाला, दोन्ही वेळा पंप बंद होतानाच. पंख्याच्या वेळी असे एकदाही झाले नाही. दिवा एकदा चारदा लुकलुकला, दुसऱ्या वेळी मी झोपेत होतो.

मंगला_सर्किट

आता संपर्कावरच्या ठिणगीचा संशय घ्यायला जागा आहे. पंपाच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रोधक आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स-२ प्रकारचा कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून लावा. जोडणी मेन बंद करून करा आणि झाकलेल्या डबीत ठेवा, कारण कूलरमध्ये पाणी आहे.

सोल्डरधूर

ही जोडी रिलेच्या संपर्कांवर लावायची असते असे मी पाहिले आहे.

मंगला_सर्किट

तिथेही लावतात, आणि ठिणगी तिथेच उडत असल्यामुळे काही वेळा ती जागा अधिक परिणामकारक ठरते. पण मग रिले सुटल्यावरही कपॅसिटरमधून सुमारे सात मिलिअँपिअर पंपात झिरपत राहतात आणि बंद पंपाची तार जिवंत राहते. पाण्याजवळ मला ते नको वाटते. आधी पंपावर लावून आठवडाभर पाहा. शिवाय पंपाची २३० ची तार बोर्डाच्या तारांबरोबर एकाच नळीतून आणली आहे का, तेही सांगा.

मनीषनगर_कूलर

हो, एकाच नळीत आहेत. रविवारी वेगळ्या करतो आणि त्या आठवड्यात कपॅसिटर लावत नाही, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल.

संत्राबाग_काटोल

डायोड लावला नाही. कॉइलवरचे अक्षर पुसट झाले आहे, ४१५ असावे असे दिसते. फोटो काढून टाकतो.

मंगला_सर्किट

फोटो येईपर्यंत काही जोडू नका, दादा. ४१५ असेल तर वरचा २३० साठीचा कपॅसिटर तिथे अजिबात चालणार नाही.