कर्मणी हद्दपार करा म्हणे!

नोटीसग्रस्त: आमच्या सोसायटीची नोटीस वाचा: "सर्व सभासदांना याद्वारे कळविण्यात येते की, पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार असल्याने शनिवारी सकाळी १० ते २ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल." पंचवीस शब्द! मी ती दुरुस्त केली: "शनिवारी टाकी धुणार आहोत, सकाळी १० ते २ पाणी बंद ठेवू." अकरा. कर्मणी प्रयोग मराठीतून हद्दपारच करायला हवा. कोणाची हरकत?

जुना मास्तर: माझी आहे. "मी ती दुरुस्त केली" हे काय आहे? "केली" नोटिशीमागे गेलं, तुमच्यामागे नाही. म्हणजे कर्मणीच. भूतकाळात सकर्मक क्रियापद आलं की बहुतेक वेळा कर्मणी नाहीतर भावे. हद्दपार केलंत तर काल काय खाल्लंत तेही सांगता यायचं नाही. तुमचं भांडण "-ण्यात येणे" आणि "-ले जाणे" या दोन शेपट्यांशी आहे. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. वाक्याला "कोणी?" विचारा. उत्तर "आम्हीच" असेल तर शेपटी छाटा.

नोटीसग्रस्त: बरं, मास्तर. शेपट्या हद्दपार करा. खूश?

अनुस्वार: नियम सोपा आहे. कर्ता माहीत नसेल तरच "-ण्यात आले" ठेवायचं, नाहीतर काढायचं.

जुना मास्तर: अर्धंच बरोबर. हे वाचा: "रिक्षावाल्याने जखमीला दवाखान्यात नेलं. तिथे त्याच्यावर शस्त्रक्रिया केली." कोणी केली? रिक्षावाल्याने! डॉक्टरांनी केली हे सगळ्यांना माहीत आहे, तरी "करण्यात आली" काढलं की आधीचा कर्ता पुढच्या वाक्यात घुसतो.

नोटीसग्रस्त: "शस्त्रक्रिया झाली" लिहा की! आणखी आखूड.

जुना मास्तर: हे चालेल. मान्य. शस्त्रक्रिया आपोआप होत नाही, त्यामुळे अर्थ सांडत नाही. पण हा उपाय सगळीकडे लावू नका.

दुसरा मजला: लावला होता, भोगलं. पार्किंगमध्ये माझ्या गाडीची मागची काच दगड घालून फोडली. तक्रारीत मी "काच फोडण्यात आली" लिहिलं होतं. आमच्या सेक्रेटरींनी भाषा सुटसुटीत करून "काच फुटली" केलं. पुढे जो तो विचारतोय, उन्हाने तडकली का? दगड मागच्या सीटवर पडलेला, त्याचा फोटो दाखवला तेव्हा कुठे पटलं. आणि त्या पार्किंगचा कॅमेरा आठ महिने बंद आहे, त्यावर एक नोटीस निघत नाही!

नोटीसग्रस्त: "कोणीतरी काच फोडली" लिहायचं. तीन शब्द, तुमचेही तीनच होते.

दुसरा मजला: आता सुचतंय तुम्हाला.

वरचा आळी: तुम्ही सगळे शब्द मोजताय, त्या "केल्या गेले", "सांगितल्या जाते" वाल्यांना आधी आवरा. वाचवत नाही. ही कुठली मराठी?

वर्धेकर: आमच्या घरातली. आजी बोलायची, मी बोलतो. "सांगितले जाते" तुमचं शुद्ध आणि "सांगितल्या जाते" आमचं अडाणी, हे कोणी ठरवलं? नदीपलीकडे भाषा बदलली की तुमच्या पोटात दुखतं.

वरचा आळी: बोला की घरात. छापता कशाला?

वर्धेकर: तुमचं "करण्यात येत आहे" तरी कोणाच्या घरात बोलतात? "तुला जेवायला बोलावण्यात येत आहे" असं तुमची आई म्हणते का?

अनुस्वार: 😂 हा मुद्दा वर्धेकरांचा.

वरचा आळी: विषय नोटिशीचा होता.

वर्धेकर: काढला कोणी?

कमळ: मला प्रयोगांतलं कळत नाही, पण माझ्या आईला आता जिना चढवत नाही. लिफ्टच्या अर्जात मुलाने आखूड करून "आई जिना चढत नाही" लिहिलं. वाचून वाटतं म्हातारी हट्टाला पेटलीय. हे त्यातच येतं का?

जुना मास्तर: शेपटीवालं नाही, हे शक्य कर्मणी. पण तुमचा अर्ज आधीचाच पाठवा. "-वत नाही" एवढ्यातच तिची असमर्थता आहे.

नोटीसग्रस्त: ठीक. आता "अनधिकृत वाहने उचलून नेण्यात येतील" याचं सांगा. मी "वाहने आम्ही उचलून नेऊ" असं करणार आहे.

अनुस्वार: खाली "भाईंचा आदेश" लिहायला विसरू नका.

जुना मास्तर: आधी सांगा, उचलणार कोण? तुमची समिती की वाहतूक पोलीस? पोलीस असतील तर "आम्ही" खोटं आहे.

नोटीसग्रस्त: ते समितीलाच माहीत नाही.

दुसरा मजला: मग कॅमेरा चालू करा आधी.