विषय: दुरुस्ती – ग्रहण बघायला एक्स-रे फिल्म वापरू नका

माधुरी:
अनिल, कालच्या मेलमध्ये तू लिहिलंस की जुन्या एक्स-रे फिल्मचे दोन पदर घेतले की ग्रहण बघायला चालतात. ते चूक आहे. फिल्मचा काळेपणा सगळीकडे सारखा नसतो. शिवाय डोळ्याला अंधूक दिसलं म्हणजे न दिसणारे अवरक्त किरणही अडले, असं होत नाही. उलट अंधूक दिसतं म्हणून माणूस जास्त वेळ बघत राहतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा झाल्याचं पुष्कळदा काही तासांनी लक्षात येतं.

अनिल:
माधुरीताई, मनापासून आभार. ते वाक्य मी मागे घेतो. लहानपणी आम्ही तसंच बघितलं होतं, त्या भरवशावर मी न तपासता लिहिलं.

तुमचं वाचून माझा सगळा मेल पुन्हा तपासला, तेव्हा आणखी एक चूक सापडली. 'खग्रास ग्रहणात चष्मा काढला तरी चालतो' असं मी लिहिलं होतं. त्यावरून ग्रहण सुरू झाल्यापासून चष्मा नको, असा अर्थ कुणीही घेईल. कालच्या दोन्ही वाक्यांऐवजी आता हे धरा:

"आयएसओ 12312-2 मानकाचा, ओरखडा नसलेला ग्रहणचष्माच वापरा. सूर्यबिंब पूर्ण झाकलेलं असेल तेवढाच वेळ तो काढता येतो. कड चमकली की लगेच परत लावा. जिथून ग्रहण खंडग्रास दिसणार आहे, तिथे तो एक क्षणही काढू नका."

विनायक:
एवढं कशाला? वेल्डिंगची काच घ्या, ती चालते.

माधुरी:
काच 14 नंबरची असेल तर चालते, पण वर्कशॉपमध्ये सहसा त्याहून फिकी असते. नंबर वाचता येत नसेल तर नकोच.

शुभदा:
आम्ही पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलंय. मुलांनी त्यातून किती वेळ बघायचं?

अनिल:
शुभदा, त्यातून बघायचंच नाही! सूर्याकडे पाठ करायची, पुठ्ठा खांद्याजवळ धरायचा आणि समोरच्या पांढऱ्या कागदावर पडणारी छोटी चकती बघायची. माझ्या मेलमध्ये नुसतं 'पुठ्ठ्याला भोक पाडून बघा' होतं, म्हणून गोंधळ झाला. तेही बदललं.

रमेश:
मी एक्स-रे फिल्ममधूनच बघितलं होतं आणि आज साठीतही डोळे ठणठणीत आहेत. उगाच घाबरवताय.

अनिल:
रमेशकाका, काल माझाही आधार हाच होता. तुम्हाला, मला त्रास झाला नाही, पण त्यावरून प्रत्येक फिल्म सुरक्षित ठरत नाही. तुम्हाला पटलं नाही तरी नातवंडांच्या हातात ती देऊ नका, एवढी विनंती.

ज्यांनी माझा कालचा मेल पुढे पाठवला असेल, त्यांनी हाही त्याच लोकांना पाठवा. एकाने तो छापून मुलांना वाटलाय. त्यांना दोनदा फोन केला, उचलला नाही. संध्याकाळी घरीच जाऊन येतो.