खो-खोच्या सरांना वाढदिवसाच्या शुभेच्छा (सोसायटी ग्रुप)

बी-५०२: नमस्कार सगळ्यांना. आईच्या फोनवरून मी, तिची लेक, लिहितेय. आज सी-१०४ मधल्या आपल्या खो-खोच्या सरांचा वाढदिवस. सर, मनापासून शुभेच्छा! समोर काही बोलायला लागले की तुम्ही "चला, वॉर्मअपला लागा" म्हणता, म्हणून इथे लिहितेय. जरा लांबेल, पण पूर्ण वाचा.

सर, मी तुमच्याकडे आले तेव्हा मला फक्त खांबावर सूर मारायचा होता. तुम्ही मला चौकोनात बसवलंत. जेमतेम फूटभराचा तो चौकोन, त्यात फक्की भुरभुरायचात आणि म्हणायचात, "उठशील तेव्हा बघू." पाय जरा जरी सरकला तरी फक्कीत फराटा दिसायचा, आणि तुम्ही काही न बोलता बोटाने तो दाखवायचात. बाकीच्या मुली पळत असायच्या आणि मी बसून. तेव्हा खूप राग यायचा. आज संघात माझी जी काही जागा आहे, ती त्या बसण्यामुळे आहे.

सी-२०३: वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा सर 🎂🙏

ए-१०२: सर, उदंड आयुष्य लाभो. पोरींना मैदानावर आणलंत, फार मोठं काम आहे.

ए-३०१: सरांना शुभेच्छा. बाळ, एक विचारू का? आमची नात हल्लीच येऊ लागली आहे. तीही हेच सांगते, सर नुसतं बसवतात. खो-खो तर पळण्याचा खेळ. बसण्यात एवढं काय शिकायचं असतं?

बी-५०२: आजोबा, बरं झालं विचारलंत. पाठलाग करणाऱ्या संघाच्या नऊ जणींपैकी आठ जणी कायम बसलेल्या असतात आणि पळते एकच. जी पळते तिला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरता येत नाही. समोरच्या संघाच्या धावणारीला मात्र असलं बंधन नाही, ती दोघींच्या मधून केव्हाही पलीकडे निसटते. मग तिला पकडायचं कोणी? पलीकडे तोंड करून बसलेलीने. म्हणजे गडी बाद होतो तो बहुतेक वेळा नुकत्याच उठलेल्या मुलीकडून.

आता धावणारी काय बघत असते? मागे लागलेली मुलगी तिला दिसतेच, पण तिची खरी नजर बसलेल्यांवर असते. कोण कुठल्या बाजूला उठेल हे तोंडावरून कळतं. ती आत्ता उठणार का, आणि उठून डावीकडे वळणार की उजवीकडे, हे मात्र खांदा आणि पाय सांगतात. बसलेलीचा खांदा जरा झुकला की धावणारीला उत्तर मिळालं, ती उलट बाजूला गेलीच. म्हणून सर आधी बसायला शिकवतात. बसलेली मुलगी काहीच कळू देत नसेल, तर धावणारीला अंदाजावर पळावं लागतं.

ए-३०१: हे माहीतच नव्हतं. आम्ही शाळेत खेळलो, पण बसलो की गप्पा मारायचो.

बी-५०१: पण मग खो मिळाल्यावर उठायला उशीर नाही का होत?

बी-५०२: काकू, त्यासाठी सरांचा एक सराव आहे. आम्ही बसायचो आणि मागून एक मुलगी चालत यायची. कधी पाठीला नुसता हात लावायची, कधी नुसतं "खो" ओरडायची, कधी दोन्ही एकदम. नियमाने स्पर्श आणि शब्द एकाच वेळी हवेत, तरच तो खो. नुसत्या हाताला उठलं की चूक, नुसत्या आवाजाला उठलं तरी चूक. सामन्यात अशी चूक झाली की पंचांची शिट्टी वाजते, पाठलाग करणारीला उलट दिशेला जावं लागतं आणि हाताशी आलेली धावणारी सुटते. सराव अंगात मुरला की दोन्ही एकत्र आल्यावर विचार करावा लागत नाही, पाय आपसूक निघतात. दोन्ही पायांचे चवडे कसे रोवायचे, वजन किती पुढे ठेवायचं, हे सर आमच्याशेजारी स्वतः बसून दाखवायचे.

सी-२०३: जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत वर्ल्ड कप झाला तेव्हा सरांनी क्लबहाउसमध्ये पोरांना मॅच दाखवली होती ना? आपली प्रियांका इंगळे कॅप्टन होती.

बी-५०२: हो काका! तिथे मॅटवर सात-सात जणी खेळत होत्या. सगळे उड्या बघत होते आणि सर सारखे म्हणत होते, "बसलेल्यांकडे बघा."

सर, आता जे लिहायचं राहिलं होतं ते. अंतिम सामना. मी संघात सगळ्यात बुटकी. खांबाजवळच्या चौकोनात उंच मुलगी बसवतात, कारण तिथे हाताची पोच लागते. मला तिथे बसवलंत तेव्हा दोन पालक येऊन तुम्हाला म्हणाले की ही जागा बदला. मी जवळच उभी होते, सगळं ऐकत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "ती उठेपर्यंत कुणाला कळत नाही. मला तेच हवंय."

शेवटचं मिनिट, सामना बरोबरीत, एक गडी हवा होता. समोरची शेवटची धावणारी माझ्या खांबापाशीच गोल खेळत होती. आमची मुलगी मागे लागली की ती माझ्या आणि खांबाच्या मधून पलीकडे जायची, मग खांबाला वळसा घालून परत. आमच्या मुलीने माझ्यामागे येऊन दोनदा हूल दिली, मी हलले नाही. धावणारीने माझ्याकडे बघणं सोडलं. तिसऱ्या वेळी ती माझ्या तोंडासमोरच्या बाजूला आली आणि त्याच क्षणी पाठीवर हात आणि "खो". मी खांबाच्या दिशेने निघाले. खांब अडीच मीटरवर. ती वळसा घ्यायला लागली होती. मी डाव्या हाताने खांब बुडाशी धरला, अंग लांब केलं आणि उजव्या हाताची बोटं तिच्या टाचेला लागली. पोच कमी पडेल असं सगळ्यांना वाटत होतं. सर, ती पुरली, कारण मी निघाले हे तिला उशिरा कळलं.

त्या दिवशी तुम्ही मला बदललं असतंत तरी मला वाईट वाटलं नसतं, मला तेच रास्त वाटलं असतं. तुम्ही माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवलात. वाकून नमस्कार सर. 🙏

बी-५०१: डोळ्यांत पाणी आणलंस गं पोरी.

ए-१०२: 👏👏 सर, संध्याकाळी औक्षण करायला येतोय, घरी थांबा.

ए-३०१: सर, एक शंका. इतकं उकिडवं बसून मुलींचे गुडघे दुखत नाहीत का?

सी-१०४ (सर): सगळ्यांचे आभार. आजोबा, लहान गटाला एका वेळी मिनिटभरच बसवतो, मग उठवून चालवतो. गुडघा दुखतो म्हणाली तर त्या दिवशी बसवणं बंद. नातीला विचारा, तिला काही त्रास असेल तर मला लगेच कळवा.

बी-५०२, पोरी, तू लिहिलंस ते वाचलं, दोनदा वाचलं. एक मात्र राहिलं. त्या दोन हुली जिने दिल्या, तिचाही तो गडी आहे. पूर्ण पळत असताना, वेग न मोडता तिने हूल दिली, म्हणून समोरचीला खरी वाटली. तिलाही हा मेसेज पाठव. आणि तुला खांबाजवळ बसवलं ते विश्वास म्हणून नाही, तुझा फराटा कित्येक आठवडे दिसला नव्हता म्हणून. विश्वास तू कमावलास.

उद्या साडेपाचला ये. लहान मुलींना बसून दाखव.

बी-५०२: येते सर. फक्की मी आणते.