ऑफिससाठी फॉर्मल पँट: कोणतं कापड घ्यावं? (मदत हवी आहे)

घोडबंदरकर
ऑफिससाठी नव्या फॉर्मल पँट घ्यायच्या आहेत, कापड कोणतं घेऊ? सध्या सगळ्या रेडीमेड आहेत, ३६ साइझ, प्लेट नसलेल्या. दुपारपर्यंत पँट खाली उतरते, शर्ट बाहेर येतो आणि दर अर्ध्या तासाने वर ओढावी लागते. वर खिशांची तोंडंही उघडी राहतात. कापडच सैल पडतं बहुतेक. टेरी-वूल चांगलं असतं म्हणतात. येत्या रविवारी गोखले रोडला जाणार आहे, तेव्हा जरा लवकर सांगा.

मंदार_ऐरोली
डोळे मिटून लायक्रावाली कॉटन घे. ट्रेनमध्ये चढा, उतरा, मांडी घालून बसा, काही होत नाही. बाकी सगळं जुनाट.

जुना_ठाणेकर
लिनन! ठाण्याच्या उकाड्यात दुसरं काही अंगाला लावू नये.

स्मिता७
लिनन घालून ट्रेनमधून गेल्यावर मीटिंगला बसायच्या आधीच ती पँट झोपेतून उठल्यासारखी दिसते. आणि घोडबंदरकर, माहिती अर्धीच दिलीत. बजेट किती? शिवून घेणार की रेडीमेडच? ऑफिसात एसी आहे का?

घोडबंदरकर
ऑफिस ऐरोलीला, एसी फुल. ठाण्याहून ट्रेन. शिवून घेतलेलं चालेल. पण कापड सांगा ना कुणीतरी.

कात्रीवाला
कापड नंतर. पँट नेमकी कुठे बसते तुमची, बेंबीपाशी की पोटाखाली? पोट आहे का?

घोडबंदरकर
कंबर ३६ आहे, वर लिहिलंय की.

कात्रीवाला
३६ हा लेबलवरचा आकडा झाला. टेप घ्या. खिसे रिकामे करून कंबर दोन ठिकाणी मोजा, एकदा सध्या पट्टा जिथे असतो तिथे आणि एकदा बेंबीच्या जरा खाली. पोट आत ओढू नका. मग सीट, म्हणजे मागचा भाग सगळ्यात रुंद असतो तिथून गोल. त्यानंतर पँट टेबलावर पसरा आणि पुढच्या बाजूने, जांघेत शिवणी जिथे एकत्र येतात तिथपासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. तो फ्रंट राइज. घरात न घसरणारी एखादी जुनी पँट असेल तर तिचाही मोजा.

मंदार_ऐरोली
एवढं मोजमाप कशाला? एक साइझ मोठी घे, पट्टा आवळ, विषय संपला.

घोडबंदरकर
मोजलं. पट्ट्याच्या जागी ३६.५, बेंबीखाली ३९. सीट ४१. पँटची सीट सपाट मोजून दुप्पट केली तर तीही ४१. फ्रंट राइज ९. लग्नातल्या सूटची पँट सापडली, तिचा राइज ११. आता घट्ट होते, पण ती कधी घसरायची नाही हे खरं.

कात्रीवाला
मग सगळा उलगडा झाला. ९ इंच राइजची पँट तुमच्या अंगावर पोटाच्या उताराखाली बसते. तिथे वरचा घेर जास्त, खालचा कमी, त्यामुळे ती खालीच सरकणार. पट्टा आवळलात तर आणखी लवकर सरकेल, कारण आवळलेला पट्टाही अरुंद जागाच शोधतो. मंदार यांचा उपाय म्हणून इथे उलटा पडतो.

दुसरं, सीटला जागाच नाही. अंग ४१ आणि पँटही ४१. खुर्चीत बसलं की मागचा भाग पसरतो, त्याला दोनेक इंच तरी जादा लागतात. ते मिळत नाहीत म्हणून कापड बाजूच्या शिवणीतून ओढलं जातं, खिशाचं तोंड उघडतं आणि मागची पट्टी खाली येते. उभे राहिल्यावर जांघेपासून बाजूला आडव्या सुरकुत्या पडत असतील, बघा. कापड सैल पडल्यावर अशा सुरकुत्या पडत नाहीत, घट्ट असल्यावर पडतात.

शिंप्याला सांगा: फ्रंट राइज ११ च्या आसपास, पट्टी बेंबीच्या बोटभर खाली, कंबर ३९, सीट साडेत्रेचाळीस, दोन्ही बाजूंना एकेक प्लेट. मागचा राइजही त्या हिशोबाने वाढवायला सांगा, नाहीतर बसल्यावर पाठीकडे फट राहते. आणि मागच्या शिवणीत दीड इंच दाब ठेवायला लावा. पुढे कंबर वाढली तर सोडता येईल, रेडीमेडमध्ये एवढा क्वचितच मिळतो.

जुना_ठाणेकर
प्लेट? नव्वदच्या दशकातली बॅगी परत आणताय का? पोट असलेल्या माणसाला प्लेटने आणखी फुगीर दिसतं.

कात्रीवाला
सीट घट्ट असली की प्लेट उभे राहिल्यावरच उघडी पडते आणि मग नक्कीच फुगीर दिसतं. पुरेशी जागा असेल तर ती उभे असताना मिटलेली राहते आणि बसल्यावर उघडते. बॅगी दिसायची ती मुख्यतः मांडीच्या घेरामुळे आणि दोन-तीन प्लेटांमुळे. इथे एकच, उथळ प्लेट म्हणतोय.

जुना_ठाणेकर
तरी मला पटत नाही. आरशात बघून ठरवा.

स्मिता७
राइज निघालाच आहे म्हणून विचारते: आमच्या हाय-वेस्ट पँटला खिसे का नसतात हो? आणि असले तर मोबाइल अर्धा बाहेर. वाशीत चांगला लेडीज शिंपी कुणाला माहीत आहे का?

मंदार_ऐरोली
वेगळा धागा काढा. आणि कात्रीवाला, लायक्राला नावं ठेवू नका. माझी कॉटन-लायक्रा उत्तम चालली आहे.

कात्रीवाला
नावं ठेवत नाही. २-३ टक्के लायक्राने बसता-उठताना आराम मिळतोच. पण राइज कमी असेल तर लायक्रा तो वाढवून देत नाही, पँट तिथेच घसरणार. शिवाय कडक गरम इस्त्रीने ती हळूहळू मरते आणि गुडघ्याला फुगवटा राहतो. तुमच्या गुडघ्याला नाही का राहत?

मंदार_ऐरोली
थोडा राहतो. कोण बघतंय गुडघे?

घोडबंदरकर
माझं कापड राहिलं!!

कात्रीवाला
रोजच्याला टेरी-रेयॉन, ६५-३५ च्या आसपासचं. लोंबतं छान, घरी धुता येतं, पावसाळ्यात कॉटनपेक्षा लवकर वाळतं. दोष असा की कडक इस्त्रीने सीटवर आणि गुडघ्यावर चमक येते, म्हणून उलटी करून किंवा वर ओलसर कापड ठेवून इस्त्री करा. मांड्या घासत असतील तर जांघेत गोळे येऊन कापड विरतं, तिथे आतून अस्तराचा तुकडा लावून घ्या.

टेरी-वूल एक घ्या, मीटिंगसाठी. एसीत झकास. पण प्लॅटफॉर्मवर जून-जुलैत भिजली की वाळायला वेळ घेते आणि बऱ्याचदा ड्रायक्लीनलाच द्यावी लागते. दुकानात कापडाचा कोपरा मुठीत दाबून सोडा. चांगलं टेरी-वूल लगेच उलगडतं. चुरगळा तसाच राहिला तर गठ्ठ्यावर काहीही छापलेलं असो, घेऊ नका.

घोडबंदरकर
धन्यवाद. टेरी-रेयॉनची एकच शिवून बघतो आधी. प्लेटचं अजून ठरलं नाही, बायको जुना_ठाणेकरांच्या बाजूने आहे.

कळव्याची_माई
आमच्याकडे आहेरात आलेले पँटपीस पडून आहेत, १.२० मीटरचे. यांची सीट ४४ आहे. प्लेटवाली पँट बसेल का त्यात?

कात्रीवाला
माई, पन्हा ५८ इंच असेल तर लांबीला पुरेल, पण एवढ्या सीटला प्लेट, दाब आणि खाली दुमड धरली की ओढाताण होते. १.३० असता तर बरं होतं. शिंप्याला आधी पीस दाखवा, कापायला मागाहून द्या.

कळव्याची_माई
पन्हा मोजते. एका पिसावर तर टक्केच लिहिलेले नाहीत, नुसतं ‘सूटिंग’ लिहिलंय.